हुशार पोरंच कशी चुकली?

निपाणी भागातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला सराव पेपर होता. इंग्रजीचा क्लोज उतारा, म्हणजे गाळलेला शब्द संदर्भावरनं भरायचा उतारा, आसपासच्या शाळांनी मिळून केलेल्या प्रश्नसंचातला, विषय पोरांच्या ओळखीचा, ऊसतोडणी. उतारा असा की ऊस तयार होता पण आठवडाभर पाऊस लागला, ट्रक शेतापर्यंत येईनात, म्हणून 'द फार्मर हॅड टू ___ द कटिंग'. पर्याय पोस्टपोन, कॅन्सल, फिनिश, कंटिन्यू. उत्तर पोस्टपोन.

पेपर तपासताना हा एकच प्रश्न खटकला. एकूण मार्कांवरनं वरची 14 पोरं आणि खालची 14 पोरं वेगळी काढली तर वरच्यातल्या फक्त 5 जणांचं बरोबर, खालच्यातल्या 8 जणांचं. म्हणजे ज्यांना इंग्रजी येतं तेच चुकले, आणि असं उलटं झालं की दोष बहुतेक वेळा प्रश्नात असतो किंवा उत्तरसूचीत. वरच्या बाकीच्या 9 जणांनी एकजात कॅन्सल लिहिलेलं. वर्गात विचारलं तर एक पोरगी सरळ म्हणाली, "सर, पाऊस लागल्यावर तोडणी रद्द पण होते की, पुढं काय झालं ते कुठं दिलंय?"

अगदी बरोबर बोलली ती. उतारा रिकाम्या जागेपाशीच संपत होता, त्यामुळं कॅन्सल खोटं पाडणारं काहीच नव्हतं. मग खालच्या पोरांना पोस्टपोन कसं जमलं? तो शब्द नुकत्याच झालेल्या धड्याच्या शब्दयादीत होता, उतारा न वाचता बऱ्याच जणांनी तोच उचलला, तसं त्यांनी सांगितलंही. संदर्भातनं अर्थ लागतो का हे बघायचं होतं आणि बघितलं गेलं पाठांतर.

मी पर्यायांना हात लावला नाही, फक्त शेवटी एक वाक्य जोडलं, 'व्हेन द रोड ड्राइड, द कटिंग बिगॅन'. आता रस्ता वाळल्यावर तोडणी सुरू झाली म्हणजे ती रद्द झालेली नव्हती, आणि आधी संपलेलीही नव्हती, तर ट्रकचं वाक्य कंटिन्यूला आडवं येतं. चुकीचा पर्याय व्याकरणानं बसलाच पाहिजे, म्हणून चारही क्रियापदं एकाच रूपात आहेत, पण त्याला पाडणारा पुरावा उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. तो सापडत नसेल तर प्रश्न छापायला देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या तुकडीला हा बदललेला उतारा दिला. तिथं वरच्या 14 पैकी 12 जणांचं बरोबर आलं, खालच्या 14 पैकी 5 जणांचं, आणि खालच्यांतले काही अजून कॅन्सलवर गेले, म्हणजे पुढचं वाक्य न वाचणारे आता वेगळे दिसायला लागले. कंटिन्यू मात्र दोन्ही तुकड्यांत कुणीच घेतलं नाही, नुसतीच जागा अडवून बसलेला पर्याय. त्याच्या जागी आता स्टार्ट घालतोय, कारण 'ऊस तयार होता' एवढंच वाचून थांबणारं पोर त्याच्याकडं नक्की वळेल.