मर्यादेची चौकट आधीच भरलेली होती

संशोधन दिनासाठी पोस्टर करताना आमचा सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यात गेला. सर्वेक्षण झालं, आलेख झाले, रंगसुद्धा ठरले. पण तळाच्या उजव्या कोपऱ्यातली ती चौकट काही सुटेना. महाविद्यालयाने दिलेल्या नमुन्यात तिथे मजकूर आधीच छापलेला होता: ‘नमुना मर्यादित असल्याने निष्कर्ष सार्वत्रिक मानू नयेत.’ नंतर पाहिलं, तर जवळजवळ प्रत्येक पोस्टरवर हेच. एखाद्याने दहा जणांना विचारलेलं असो की हजारांना, सावधगिरी तीच.

आमचा विषय होता विद्यार्थ्यांचा ग्रंथालयाचा वापर. पट १,४०० चा, उत्तरं आली २१२. त्यांतले १३१ जण म्हणाले की आठवड्यातून निदान एकदा आम्ही ग्रंथालयात जातो. म्हणजे ६२ टक्के. आमच्या गटातल्या एकाला तो आकडा इतका आवडला, की त्याने तो थेट शीर्षकातच घातला: ‘६२% विद्यार्थी दर आठवड्याला ग्रंथालयात!’ उद्गारचिन्हासकट.

खरी मेख अशी की अर्जाची लिंक दोन वाटांनी पसरली होती. वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, आणि तिचा क्यूआर कोड ग्रंथालयाच्या दारावर चिकटवला होता. दारातून आत जाणाऱ्याला विचारायचं ‘तू इथे येतोस का?’, मग ‘हो’च येणार की! जो कधी फिरकतच नाही, त्याला तो कागद दिसलाच नाही. आणि ग्रुपवर दिसला तरी ज्या जागेशी आपला संबंध नाही तिच्याबद्दल तो कशाला अर्ज भरेल? म्हणजे आमचा आकडा नुसता ‘कमीजास्त असू शकतो’ असा नव्हता. तो एकाच बाजूला, वरच्या बाजूला झुकलेला होता. हेच मला त्या चौकटीत लिहायचं होतं.

समन्वयक मॅडमनी मसुदा परत पाठवला. शेरा: ‘मर्यादा नमुन्याप्रमाणे ठेवा. हवं असल्यास त्रुटी-मर्यादा द्या.’ त्रुटी-मर्यादा काढणं अवघड नसतं. २१२ उत्तरं आणि ६२ टक्के, म्हणजे साधारण अधिक-उणे साडेसहा टक्के. लिहायला भारदस्त वाटतं. पण हे गणित गृहीत धरतं की २१२ जण १,४०० मधून चिठ्ठ्या टाकून काढलेत. आमचे तर आपणहून आलेले. तिथे ‘± ६.५’ लिहिलं, तर वाचणारा समजणार की खरा आकडा ५५ ते ६९ च्या मध्ये कुठेतरी आहे. ती सावधगिरी राहिली नसती, उलट खोटा भरवसा झाला असता.

मी हे सांगायला गेले, तर उत्तर आलं, ‘पुढच्या वर्षी जास्त अर्ज भरून घ्या, म्हणजे झालं.’ त्यावर मात्र माझं डोकं फिरलं. अहो, १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या. त्यांचा अंदाज होता लँडन जिंकणार. रूझवेल्ट प्रचंड फरकाने आले. पाठवायच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांकडे झुकलेल्या होत्या, आणि उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. वाकडी पट्टी लांब केली म्हणून रेघ सरळ येत नाही. अर्थात मॅडमसमोर मी एवढं बोलले नाही. ‘बघते’ म्हणून बाहेर आले.

मग सुचली नोंदवही. आमच्याकडे ग्रंथालयात शिरताना रोल नंबर लिहून सही करावी लागते. ग्रंथपाल सरांनी अर्ज चालू होता त्याच आठवड्याची वही पाहू दिली. (आठवडा तोच हवा. परीक्षेच्या तोंडावरचा घेतला, तर गर्दीच वेगळी असते.) एकच मुलगा पाच दिवस आला तर तो एकदाच मोजायचा, म्हणून रोल नंबर एका रकान्यात टाकून पुनरुक्ती काढली. वेगवेगळे विद्यार्थी निघाले ३८९. १,४०० पैकी २८ टक्के!

मॅडमची शंका रास्त होती: ‘सगळे सही करतात कुठे?’ नाही करत. म्हणून तेही धरून पाहिलं. येणाऱ्यांपैकी एक तृतीयांश जणांनी सही चुकवली असं मानलं, तरी येणारे ५८४ च्या आसपास, म्हणजे ४२ टक्के. ६२ पासून तरीही लांबच. ही आकडेमोड कागदावर मांडून समोर ठेवली, तेव्हा मॅडमनी बराच वेळ ती वाचली आणि चौकटीतला छापील मजकूर स्वतः खोडला. तेव्हा जे हायसं वाटलं, ते पोस्टर छापून आल्यावरही वाटलं नाही.

शेवटी चौकटीत गेलं ते असं: ‘ही उत्तरे १,४०० पैकी २१२ जणांची आहेत आणि अर्ज ग्रंथालयाच्या दारावरही लावला होता. त्यामुळे ६२ टक्के हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असण्याची मोठी शक्यता आहे. त्याच आठवड्याच्या नोंदवहीत २८ टक्के विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत.’ आकडा कुठल्या बाजूला झुकलाय, का झुकलाय आणि ते कशावरून कळलं, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. शीर्षकही बदललं: ‘उत्तर देणाऱ्यांपैकी ६२%’. उद्गारचिन्ह गेलं. ज्याने ते घातलं होतं, तो दोन दिवस फुगून होता.

पोस्टरवरच्या बाकीच्या दोन आकड्यांचं थोडक्यात सांगते. दुसरा होता न येणाऱ्यांच्या कारणाचा. दर आठवड्याला न येणारे ८१. त्यांतल्या ४७ जणांना वेळ जुळत नाही. ८१ पैकी मोजलं तर ५८ टक्के, २१२ पैकी मोजलं तर २२. दोन्ही बरोबरच, पण अर्थ निराळे. म्हणून टक्क्याच्या खाली ‘८१ पैकी ४७’ असं लिहिलंच पाहिजे. तिसरा आकडा होता एका भेटीत बसण्याचा वेळ. सरासरी ६७ मिनिटं येत होती, कारण स्पर्धा परीक्षावाले पाच-पाच तास ठाण मांडतात. मध्यक घेतला तर ४० मिनिटं. आम्ही मध्यकच छापला आणि शेजारी लिहिलं, ‘निम्मे जण यापेक्षा कमी वेळ बसतात’. मध्यक हा शब्द वाचून थांबणारे फारच थोडे असतात.

एक राहिलंच. नमुन्यात त्या चौकटीचा टाइप इतका बारीक होता, की हातभर अंतरावरूनही वाचता येईना. आम्ही तो बाकी मजकुराइतकाच, २८ पॉइंट केला आणि चौकट ६२ च्या लगेच खाली आणली. त्यासाठी एक वर्तुळ-आलेख काढून टाकावा लागला, आणि त्याची कुणी चौकशीही केली नाही. आणि फाइल छपाईला पीडीएफ करूनच द्या, फाँट आत बसवून. आमच्या पहिल्या प्रुफात ‘विद्यार्थी’मधली जोडाक्षरं फुटली होती.