नोंद ९: ‘पर्वा’ची ‘परवा’ करायला पाच टिचक्या, उलट करायला एक

मंडळी, मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की कर्सरचा प्रश्न सुटला. फोनच्या कीबोर्डवर स्पेसबारवरून बोट सरकवून कर्सर हलवायला जमलंय, आता आजोबांची रोजनिशी पटापट उतरवून होईल. ते विधान मागे घेते. पान ४३ वर गाडी अडकली आणि पूर्ण आठवडा तिथेच गेला, पण त्या आठवड्यात जे हाती लागलं ते आधीच्या आठ नोंदींपेक्षा मोलाचं आहे.

आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. पान ४३ वर शाळा तपासणीचा दिवस आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘परवा साहेब येऊन गेले.’ मी उतरवताना घाईत ‘पर्वा साहेब येऊन गेले’ असं झालं. ‘पर्वा’ हाही खरा शब्द असल्यामुळे कीबोर्डने खाली रेघ ओढली नाही, सूचनाही दिली नाही. दुसऱ्या वाचनात ते सापडलं. म्हटलं सोपं आहे, र आणि व यांच्यामध्ये कर्सर नेते आणि पाय मोडण्याचं चिन्ह पुसते.

कर्सर तिथे जाईचना. स्पेसबारवर बोट ठेवून सूतभर डावीकडे नेलं की तो ‘र्वा’च्या पुढून एकदम ‘र्वा’च्या मागे, प ला चिकटून उभा. सूतभर उजवीकडे, की पुन्हा ‘र्वा’च्या पुढे. मला वाटलं बोट जास्त सरकतंय. स्क्रीन पुसली, हात पुसले, कीबोर्डची उंची सेटिंगमधून सगळ्यात मोठी केली. तरी तेच. मग थेट शब्दावर बोट दाबून धरलं, भिंग आलं, भिंगातून बघत कर्सर ओढला. तिथेही तो ‘र्वा’वरून उडी मारून पलीकडे.

दोन दिवसांनी लक्षात आलं की दोष माझ्या बोटात नव्हता. कर्सर अक्षराअक्षराने चालतो, आणि फोनच्या हिशेबात जोडाक्षर म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार सगळं धरून एक अक्षर. त्याच्या पोटात उभं राहायला जागाच नाही. बॅकस्पेस मात्र वेगळ्या हिशेबाने चालतो. तो एका टिचकीला एक चिन्ह पुसतो: आधी काना, मग व, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग र. दोन्ही हिशेब एकाच शब्दात बघायचे असतील तर ‘विद्यार्थ्यांच्या’ घ्या. कर्सर तो शब्द चार पावलांत ओलांडतो: वि, द्या, र्थ्यां, च्या. बॅकस्पेसने पुसायला सतरा टिचक्या लागतात. मी मोजून पाहिल्या.

म्हणजे जोडाक्षरात शिरायची वाट फक्त शेवटाकडून आहे. ‘पर्वा’ची ‘परवा’ करायची तर कर्सर ‘र्वा’च्या पुढे ठेवायचा, काना, व आणि चिन्ह अशा तीन टिचक्यांत पुसायचं, मग व आणि काना पुन्हा टाकायचे. एकूण पाच. चूक जोडाक्षराच्या सुरुवातीच्या जितकी जवळ तितकं जास्त पुसावं लागतं. ‘स्त्री’ लिहिताना पहिलाच स चुकून श पडला तर सहाच्या सहा चिन्हं जातात आणि सहा नव्याने येतात. याला कर्सरची कुठलीही युक्ती नाही, मी सगळ्या करून पाहिल्या.

आता गंमत उलट बाजूला आहे. समजा ‘पर्वा’ हवंय आणि ‘परवा’ पडलंय. तेव्हा र आणि वा ही दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे कर्सर त्यांच्यामध्ये सुखाने थांबतो. तिथे पाय मोडण्याचं चिन्ह टाकलं की र उडून व च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. एक टिचकी! ‘पराथमिक’चं ‘प्राथमिक’ तसंच: प आणि रा यांच्यामध्ये एक टिचकी. ‘थिती’ची ‘स्थिती’ करायला थि च्या मागे स आणि चिन्ह, दोन टिचक्या. जोडणं स्वस्त आणि तोडणं महाग, हे कळल्यावर मी उठून चहा केला आणि सगळ्या जुन्या चुकांच्या यादीकडे नव्याने बघितलं.

यादीत सगळ्यात वर ‘दशर्न’ होतं. ही चूक तुमच्यापैकी बहुतेकांची असणार. रफार डोळ्याला श वर दिसतो म्हणून श आधी टाइप होतो आणि र त्याच्यानंतर, मग रफार जाऊन न वर बसतो. मी आजवर शेवटी जाऊन न, चिन्ह, र, श असे चार पुसायची आणि र, चिन्ह, श, न असे चार टाकायची. आठ टिचक्या. आता असं करते: शब्दाच्या शेवटून एक पाऊल डावीकडे, कर्सर श च्या पुढे येतो. बॅकस्पेस, श गेला, ‘दर्न’ उरलं. एक पाऊल उजवीकडे. बॅकस्पेस, न गेला, ‘दर्’ उरलं. आता श, न. चार टिचक्या आणि दोन सरकवण्या. कागदावर निम्मं काम, पण खरं सांगते, शब्द नुकताच टाइप केला असेल आणि बोट बॅकस्पेसपाशीच असेल तर आठवाली रीतच हाताला जलद पडते. नवी रीत तिथे उपयोगी जिथे चूक चार ओळी मागे आहे आणि कर्सर तसाही न्यायचाच आहे.

‘दुसऱ्या’ला मात्र सूट नाही. ‘दुसर्या’ पडलं, रफार आला, की काना, य, चिन्ह आणि साधा र असं सगळं पुसून ऱ पासून सुरुवात. माझ्या कीबोर्डवर र दाबून धरला की वर ऱ येतो, बोट न उचलता त्यावर न्यायचं. रोजनिशीत ‘मोठ्या साहेबांच्या दौऱ्यावर’, ‘दुसऱ्या सत्रात’ असं पानोपानी आहे, तेव्हा र दाबून धरायची सवय मी आधी केली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं माझ्या अँड्रॉइड फोनवर जीबोर्डमध्ये. तुमच्याकडे कर्सर कसा चालतो ते बघायला एक सोपी चाचणी आहे: मोकळ्या जागेत ‘पर्वा’ लिहा आणि शेवटापासून सुरुवातीपर्यंत कर्सर किती पावलांत जातो ते मोजा. दोन पावलं म्हणजे माझ्यासारखंच. तीन पावलं पडली तर तुमच्या ॲपमध्ये कर्सर पाय मोडक्या र च्या पुढे थांबतो, आणि तुमचं ‘पर्वा’ एका बॅकस्पेसने ‘परवा’ होईल. हा फरक येण्याचं कारण युनिकोडच्या नियमात आहे. अक्षराची हद्द कुठे धरायची या त्यांच्या सर्वसाधारण नियमात देवनागरी जोडाक्षर पाय मोडण्याच्या चिन्हानंतर तुटायचं. ते अखंड धरायची दुरुस्ती 2023 मध्ये, 15.1 या आवृत्तीत आली. जुना नियम जसाच्या तसा पाळणाऱ्या ॲपमध्ये तिसरं पाऊल मिळू शकतं. कुणाला मिळालं तर ॲपचं नाव नक्की कळवा, मला ते दुरुस्तीसाठी हवंच आहे.

आयफोनवाल्यांसाठी थोडं. वहिनीचा फोन रविवारी तासभर हातात होता. तिथे स्पेसबार दाबून धरायचा, अक्षरं पुसट होतात आणि पूर्ण कीबोर्डची पाटी होते, मग बोट वर-खालीही नेता येतं. त्या अवस्थेत दुसऱ्या बोटाने टिचकी मारली की तिथून निवड सुरू होते, हे मला फार आवडलं. माझ्याकडे उलटं आहे: दाबून धरलं की कीबोर्ड बदलायची खिडकी उघडते. बोट टेकताक्षणी सरकवावं लागतं, आणि फक्त आडवं. तासभर वहिनीचा फोन वापरून परत आले तर संध्याकाळभर ती खिडकीच उघडत होते. तुमच्याकडे बोट सरकवूनही कर्सर हलत नसेल तर सेटिंगमध्ये Glide typing खाली Enable gesture cursor control चालू आहे का ते पाहा.

निवडीबद्दल एवढंच की ज्या शब्दाची तोडफोड पाच टिचक्यांच्या वर जाते, तो आता मी पूर्ण निवडून नव्याने लिहिते. शब्दावर दोनदा टिचकी, निवडला गेला, टाइप सुरू. आधी बॅकस्पेसही लागत नाही. वाक्याचा तुकडा हवा असेल तर निवडीची मूठ आधी हव्या त्या जागेच्या पुढे न्यायची, ती शब्दाशब्दाने वाढते, मग हळू मागे आणायची, तेव्हा अक्षराअक्षराने कमी होते. ती आधीच जागेवर थांबवायला मी महिनाभर झगडले, त्याची गरज नव्हती.

बोट सरकवण्याचा विषय निघालाच आहे तर: स्क्रीनगार्डची गुळगुळीत काच काढून टाकली आणि मॅट लावून घेतली. दुकानदार म्हणाला चित्र थोडं धूसर दिसेल, ते दिसतं. पण घामट बोट स्पेसबारवर अडकत नाही, एकदा सरकवलं की एकच पाऊल पडतं. पुस्तकासारखं उघडणारं जाड कव्हरही काढलं, कारण त्याची कड नेमकी स्पेसबारखाली अंगठ्याला लागायची.

या नोंदीचा शेवट मी वेगळा ठरवला होता. पुढच्या महिन्यात नेहमी चुकणारे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात भरायचे, असं लिहायचं होतं. पण वरचा ‘परवा’चा परिच्छेद लिहितानाच दुसरं सुचलं. जोडायला एक टिचकी आणि तोडायला पाच, तर मग आजोबांचं अक्षर लागत नाही तिथे जोडायचंच कशाला? रफार आहे की शाईचा डाग आहे कळेना, तर अक्षरं सुटी टाकून पुढे जायचं. नंतर भिंगाखाली पान बघून जोडाक्षर ठरलं तर मध्ये चिन्ह टाकलं की झालं. नाही ठरलं तर काहीच करायचं नाही. आत्तापर्यंत मी नेमकं उलट करत होते, शंका आली की जोडून मोकळी व्हायचे.

शब्दकोश थांबला. पान ४४ या नव्या रीतीने सुरू केलंय, पहिल्या अकरा ओळींत सात जागा सुट्या सोडल्यात. त्यातल्या चार आज दुपारी उन्हात वही धरून बघितल्या: तीन ठिकाणी रफार निघाला, म्हणजे तीन टिचक्या, आणि एके ठिकाणी पानाच्या मागच्या बाजूची शाई उमटली होती.