उद्घाटनाचं भाषण

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार. गणेश चतुर्थी.

दुपारी मुहूर्तावर प्रतिष्ठापना झाली आणि संध्याकाळच्या आरतीआधी मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी बोललो. भाषण छोटंच केलं. आरतीला जमलेली मंडळी पाच-सात मिनिटं मनापासून ऐकतात, मग मुलं चुळबुळायला लागतात. तेवढ्या वेळात आभारही मानायचे आणि दहा दिवसांत कोणी कधी यायचं, हेही सांगायचं. म्हणून यंदा नुसती नावं वाचायची नाहीत, ज्यानं जे केलं ते सांगायचं, असं आधीच ठरवलं होतं.

सुरुवात मांडव घालणाऱ्या पोरांपासून केली. रस्त्यात खड्डे न घेता, वाळूनं भरलेल्या पिंपांत बांबू रोवून त्यांनी मांडव उभा केला. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवली आणि ती दोरी धरून मोजून पाहिली. मग वर्गणीला दारोदार फिरलेले आले. पन्नास रुपयांचीही पावती फाडायची, हा आमचा नियम त्यांनी पाळला. धर्मादाय कार्यालयाची आणि पोलिसांची परवानगी मिळवायला आमचे चिटणीस कामावर रजा टाकून गेले होते, तेही सांगितलं. ही कामं मांडवात बसलेल्यांना दिसत नाहीत, म्हणून ती माइकवर यायलाच हवीत.

देणगीदारांचं जरा नाजूक असतं. ज्यांनी मोठी रक्कम दिली त्यांची नावं कमानीवर ‘सौजन्य’ म्हणून आहेतच. भाषणात मी रक्कम घेतली नाही, ती कशाला लागली ते बोललो. विजेची व्यवस्था कोणाच्या मदतीनं झाली, मुलांच्या बक्षिसांची वह्या-दप्तरं कोणाकडून आली, महाप्रसादाचे तांदूळ कोणी दिले. एका दुकानदारांनी आरतीआधी बाजूला घेऊन विचारलं, “अध्यक्ष, आमच्या नव्या शाखेचं जरा सांगाल का?” मी म्हटलं, “दादा, कमानीवर पत्ता आहे. माइकवर मी तुमच्या तांदळाबद्दल बोलेन.” ते हसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. सगळा हिशोब विसर्जनानंतर फलकावर लागेल, हे शेवटी सांगितलं तेव्हा मागून टाळ्या आल्या. मला त्याचं फार बरं वाटलं.

कार्यक्रम सांगताना तो असाच का आखला, तेही थोडक्यात सांगितलं. उद्या ऋषिपंचमी. आपल्याकडच्या बऱ्याच जणी पहाटे दगडूशेठसमोर अथर्वशीर्ष म्हणायला जातात, म्हणून सकाळ मोकळी ठेवली. शुक्रवारी मुलांची चित्रकला. रविवारी गौरी येतात आणि सोमवारी त्यांचं पूजन, घराघरांत सवाष्णी-ब्राह्मण जेवायला, संध्याकाळी हळदीकुंकू. अशा वेळी मांडवात गाण्याचा कार्यक्रम ठेवला तर ऐकायला कोण येणार? सोमवारी फक्त आरती. मंगळवारी गौरी-गणपतीचं विसर्जन. त्या दिवशी स्वयंसेवक दुपारपासून हौदापाशी निर्माल्य गोळा करायला उभे राहतील. भजन आणि महाप्रसाद त्यानंतर, बुधवार-गुरुवारी. शुक्रवारी बक्षीस समारंभ आणि शनिवारी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. काही रात्री ध्वनिक्षेपकाला बारापर्यंत सवलत मिळते, पण शेजारी आजारी माणसं आहेत. आम्ही सगळे कार्यक्रम दहाच्या आत संपतील असेच धरले आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मी येत्या शनिवारच्या, ३० ऑगस्टच्या रक्तदान शिबिरावर घालवला. ते शनिवारी सकाळी ठेवलं, कारण रविवारपासून बायकांना गौरींमुळे श्वास घ्यायलाही फुरसत नसते. गेल्या वर्षी कितीतरी जण उत्साहानं आले आणि परत पाठवावे लागले. कोणी उपाशी आलं होतं, कोणाचं हिमोग्लोबिन कमी होतं, कोणी दोनच महिन्यांपूर्वी रक्त दिलं होतं. परत जाताना त्यांचे चेहरे पाहवत नव्हते. म्हणून आज एकेक गोष्ट नीट सांगितली. वय अठरा ते पासष्ट, वजन निदान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन महिने आणि बायकांचे चार महिने झालेले असावेत. आणि पोटभर नाष्टा करूनच या. उद्या ज्यांचा ऋषिपंचमीचा उपास आहे, त्यांनी शुक्रवारी व्यवस्थित जेवून मगच शनिवारी यायचं, हे दोनदा सांगितलं.

खाली उतरल्यावर एक आजी जवळ आल्या. “अरे, आमच्या सुनेला लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तिनं यावं का?” मी म्हटलं, “आजी, येऊ द्या. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासतात. गोळ्यांचं तिथल्या डॉक्टरांना सांगायचं, ते ठरवतील.” त्यांच्यासारखे आणखी लोक असणारच. उद्या सकाळी फलकावर रक्तदानाच्या अटी मोठ्या अक्षरांत लिहायच्या आहेत. शाळेतल्या दोन मुलांचं अक्षर सुरेख आहे, त्यांना सकाळी बोलावलंय.