अध्ययन अक्षमतेच्या चाचणीची वेळ घेताना

माझा मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. तोंडी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तो झटकन देतो, पण तीच लिहायला सांगितली की निम्मी कागदावर उतरतच नाहीत. शाळेच्या समुपदेशकांनी अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घेण्याचे सुचवल्यावर मी पुण्यातील एका बालविकास केंद्राला फोन केला. तारीख देण्याआधी तेथील बाईंनी बरेच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न होता, अहवाल नेमका कशासाठी हवा आहे. बोर्डाच्या परीक्षेत सवलती हव्या असतील तर दाखला शासनमान्य रुग्णालयाकडूनच घ्यावा लागतो आणि खासगी केंद्राचा अहवाल त्याची जागा घेत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. आम्हाला आधी अडचण समजून घ्यायची होती, म्हणून आम्ही तेथेच वेळ घेतली. दुसरा प्रश्न पूर्वीच्या चाचणीविषयी होता. मुलाची काही महिन्यांपूर्वी अन्यत्र बुद्ध्यंक चाचणी झाली होती. तीच चाचणी थोड्या अंतराने पुन्हा घेतल्यास प्रश्न ओळखीचे झालेले असतात आणि गुण वाढून येतात, म्हणून तो अहवाल चाचणीच्या नावासह आणि तारखेसह आणा, असे त्यांनी बजावले. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, हेही त्यांनी नोंदवून घेतले, कारण कोणत्या भाषेतून सूचना द्यायच्या हे त्यावर ठरते.

कागदपत्रांत सर्वांत आधी मागितले ते डोळ्यांच्या तपासणीचे आणि ऑडिओमेट्रीचे अहवाल. अक्षरे नीट दिसत नसतील किंवा शब्द स्पष्ट ऐकू येत नसतील, तर वाचनातल्या चुकांचे मूळ तिथेच असू शकते आणि पुढच्या चाचणीचे निष्कर्ष भरवशाचे राहत नाहीत. आमच्याकडे श्रवणाचा अहवाल ठीक आला. मात्र डोळ्यांना नंबर निघाला. तेव्हा केंद्राने ठरलेली तारीख स्वतःहून पुढे ढकलली आणि मुलाला चष्म्याची सवय झाल्यावरच या, असे सांगितले. त्या वेळी मला हा उशीर खटकला. पण चष्मा लावूनही चुका तशाच राहिल्यामुळे डोळ्यांची शंका मिटली, हे तज्ज्ञांनी पुढे दाखवून दिले.

याशिवाय जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, मागील दोन इयत्तांची प्रगतिपुस्तके आणि वर्गशिक्षिकांचे पत्र हवे होते. पहिल्या पत्रात ‘अभ्यासात लक्ष देत नाही’ एवढेच होते. केंद्राच्या सूचनेवरून आम्ही शिक्षिकांना वर्गात प्रत्यक्ष काय दिसते ते लिहिण्याची विनंती केली. मग फळ्यावरचे उतरवायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, मोठ्याने वाचताना ओळ सुटते आणि तोंडी गणित मात्र बरोबर येते, असे पत्र मिळाले. वह्या मुळातल्याच आणा, स्वच्छ उतरवलेल्या नकोत, हेही सांगितले होते. त्याच्या मराठीच्या वहीत ‘प्रकाश’ हा शब्द एकाच पानावर ‘परकाश’, ‘पकाश’ आणि ‘प्रकश’ असा तीन प्रकारे लिहिलेला होता, आणि तज्ज्ञ त्या पानावर बराच वेळ थांबल्या.

पालकांपैकी कोणी यायचे, या प्रश्नाचे उत्तर ‘आई’ असेच असेल, असे मी धरून चालले होते. त्या बाईंनी विचारले, ‘रोज अभ्यासाला सोबत कोण बसतं?’ आमच्याकडे ते काम माझ्या यजमानांचे आहे. म्हणून पहिल्या भेटीला दोघांनीही यायचे ठरले: गरोदरपण, प्रसूती, मूल पहिले शब्द कधी बोलले, ही माहिती मी द्यायची आणि गृहपाठाला किती वेळ लागतो, मूल कुठे अडते, ती त्यांनी. वाचनातली अडचण पुष्कळदा कुटुंबात आढळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या नातलगांविषयीही विचारले गेले, आणि आपल्या धाकट्या भावाला लहानपणी वाचन जड जात असे, हे यजमानांनी तेव्हा सांगितले. माझी एकटीची भेट झाली असती, तर ही नोंद राहून गेली असती. दोघांना एका वेळी सुट्टी मिळणे कठीण असते, तरी निदान ही एक भेट एकत्र करावी, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष चाचणीच्या दिवसांसाठी एकच पालक पुरेसा होता आणि त्यानेही खोलीबाहेरच बसायचे होते, कारण आईवडील समोर असले की मूल उत्तरासाठी त्यांच्याकडे बघते. सकाळची वेळ घ्यावी, मुलाने पोटभर खाल्लेले असावे, चष्मा सोबत असावा आणि ताप किंवा सर्दी असल्यास फोन करून तारीख बदलावी, एवढ्याच सूचना होत्या. काम एका बैठकीत उरकले नाही. बुद्ध्यंक एका दिवशी आणि वाचन, लेखन, गणित दुसऱ्या दिवशी, असे त्यांनी विभागले.

अहवाल समजावून सांगण्याच्या भेटीला पुन्हा दोघांनाही बोलावले. बुद्ध्यंक सर्वसाधारण असून वाचन आणि शुद्धलेखन दुसरीच्या पातळीवर आहे, असे त्यात नमूद होते. शाळेला झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पुढे शासकीय रुग्णालयात दाखल्यासाठी गेल्यावर हाच अहवाल आधी मागतील, असे तज्ज्ञांनी सांगितले.