चारच कॉलन्या: फसलेल्या ट्रान्सफॉर्मेशनची नोंद

सकाळी पावणेआठला इन्क्युबेटर उघडला तेव्हा मुख्य प्लेट कोरी होती. अँपिसिलिन हे अँटिबायोटिक घातलेला एलबी अगर, म्हणजे जिवाणूंचं घट्ट केलेलं खाद्य, त्यावर १०० मायक्रोलिटर पेशी पसरलेल्या, ३७ अंशांवर १६ तास ठेवलेली, आणि एक ठिपका नाही. झाकणावरचं बाष्प पुसून प्लेट खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली. तरी काही दिसलं नाही.

नोंदवहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं, "वाढ नाही. प्रयोग फसला." मॅडमनी ते वाचलं आणि वही माझ्याकडे परत सरकवली. "कुठल्या प्लेटवर वाढ नाही? पाच प्लेटा लावल्या होत्यास ना? बाकीच्या चार काय म्हणतात?" मी त्या चार प्लेटा पाहून बाजूला ठेवल्या होत्या, वहीत उतरवल्याच नव्हत्या. त्या दिवसाची नोंद मग मी पुन्हा बसून लिहिली. इथे सांगते आहे ते तिच्यातलंच आहे.

प्रयोग साधा होता. आमच्या सांगलीच्या कॉलेजात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला तो सगळ्यांनाच करावा लागतो. ई. कोलाय या जिवाणूच्या डीएच५-अल्फा या स्ट्रेनमध्ये पीयूसी१९ हा प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, घालायचा. यालाच ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. प्लास्मिडवर अँपिसिलिनला न जुमानणारं जनुक असतं, त्यामुळे ज्या पेशीत तो शिरला तीच अँपिसिलिनच्या प्लेटवर वाढते. ५० मिलिलिटर कल्चर वाढवलं, सेंट्रिफ्यूज करून पेशी खाली बसवल्या, ०.१ मोलर थंडगार कॅल्शियम क्लोराइडच्या २५ मिलिलिटरमध्ये त्या हलक्या हाताने मिसळून अर्धा तास बर्फात ठेवल्या, पुन्हा सेंट्रिफ्यूज केलं आणि शेवटी त्याच द्रावणाच्या २ मिलिलिटरमध्ये घेतल्या. त्यातल्या १०० मायक्रोलिटरमध्ये १० नॅनोग्रॅम प्लास्मिड घातला. अर्धा तास बर्फ, ४२ अंशांवर ९० सेकंद, परत २ मिनिटं बर्फ, मग ९०० मायक्रोलिटर एलबी घालून ३७ अंशांवर एक तास. प्लास्मिड न घातलेल्या पेशींची दुसरी ट्यूब सोबत होती, तिच्यावरही हेच सगळं केलं.

आता प्लेटा. पहिली, प्लास्मिड नसलेल्या पेशी, साधा अगर: प्लेटभर दाट लॉन, म्हणजे कॉलन्या वेगळ्या न दिसणारा सलग थर. दुसरी, त्याच पेशी, अँपिसिलिनचा अगर: कोरी, आणि ती कोरीच असायला हवी होती. तिसरी आमची मुख्य प्लेट. चौथी आणि पाचवीही अँपिसिलिनच्याच. चौथीवर, मुख्य ट्यूबमधले उरलेले ९०० मायक्रोलिटर खाली बसवून, गोळा थोड्या एलबीत घेऊन सगळाच्या सगळा पसरला होता. पाचवीवर मागच्या वर्षीच्या मुलांनी जपून ठेवलेला, पीयूसी१९ आधीच पोटात असलेला स्ट्रेन रेघांनी ओढला होता. तो छान वाढला होता.

चौथ्या प्लेटवर कडेकडेने चार कॉलन्या होत्या. मलईच्या रंगाच्या, गोल, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोड्या मोठ्या, आजूबाजूला बारीक पिल्लं नसलेल्या. अँपिसिलिनच्या प्लेटवर पिल्लं दिसली तर जपून राहावं लागतं. प्रतिकारक कॉलनीतून बाहेर पडणारं एन्झाइम भोवतालचं अँपिसिलिन फोडून टाकतं आणि तिथे प्लास्मिड नसलेल्या पेशी उगवून येतात. या चार तशा नव्हत्या, तरी खात्रीसाठी चारही नव्या अँपिसिलिनच्या प्लेटवर ओढल्या. दुसऱ्या दिवशी चारही वाढल्या.

या चार कॉलन्यांनी सगळा प्रश्नच बदलला. १० नॅनोग्रॅमपैकी ९ नॅनोग्रॅम प्लास्मिड या प्लेटच्या वाट्याला आला होता. ९ नॅनोग्रॅममागे ४, म्हणजे एका मायक्रोग्रॅममागे साधारण ४५० कॉलन्या. कॅल्शियम क्लोराइडच्या साध्या पद्धतीने बरं काम झालं तर मायक्रोग्रॅममागे दहा लाख तरी मिळाव्यात. त्या हिशोबाने मुख्य प्लेटवर, जिथे १ नॅनोग्रॅम पोहोचला, हजारभर दिसायला हव्या होत्या. आमच्या दराने तिथे अर्धीही कॉलनी पडत नाही, म्हणून ती कोरी. सगळ्या पायऱ्या घडल्या होत्या, पण त्यांतली एखादी दोन हजार पटींनी लंगडी पडली होती. उरलेले ९०० मायक्रोलिटर मी टाकून दिले असते तर हे कळलंच नसतं.

मग संशयितांची यादी छाटायला घेतली. अँपिसिलिन ठीक होतं: दुसरी प्लेट कोरी, म्हणजे ते मारतंय, आणि पाचवीवर वाढ, म्हणजे प्रतिकारक पेशीला मारण्याइतकं जास्त पडलेलं नाही. प्लास्मिड थोडा उरला होता, तो एक टक्का अगरोजच्या जेलवर चालवला. पट्टे स्वच्छ आले, खाली तुटक्या डीएनएचा ओघळ नाही. कॅल्शियम क्लोराइडचं वजन वहीत पाहिलं. बाटली डायहायड्रेटची, म्हणजे रेणूत पाणी धरून असलेल्या क्षाराची होती, त्याला १०० मिलिलिटरला १.४७ ग्रॅम लागतात आणि मी तेवढेच घेतले होते. पाणी नसलेल्या क्षाराचा आकडा धरून १.११ घेतले असते तर द्रावणाची ताकद पाऊणपटच राहिली असती. ही चूक आमच्याच लॅबमध्ये पूर्वी झालेली आहे, म्हणून आधी तेच तपासलं.

राहिल्या पेशी. त्या जिवंत आहेत असं मी पहिल्या प्लेटवरून धरून चालले होते. मॅडमनी तिथेच अडवलं. "अगं, लॉन आला म्हणजे पेशी जगल्या, पण किती जगल्या ते सांग ना." मग वहीच्या कडेला हिशोब मांडला. त्या प्लेटवर अंदाजे पंधरा कोटी पेशी पडल्या असणार. त्यांतल्या हजारातली एकच जगली असं धरलं तरी दीड लाख उरतात, आणि दीड लाखांचाही प्लेटभर लॉनच दिसतो. म्हणजे ज्या प्लेटच्या भरवशावर मी पेशींना निर्दोष ठरवत होते, ती याबाबत काहीच सांगू शकत नव्हती. त्या पेशी दहा लाख पटींनी पातळ करून पसरल्या असत्या तर मोजता आल्या असत्या. माझ्या मते या प्रयोगातली खरी चूक हीच, आणि ती पेशींची नाही, माझ्या आखणीची.

दोन गोष्टी मात्र मला आदल्या दिवसापासून खुपत होत्या. पहिली ओडीची, म्हणजे कल्चर किती गढूळ झालं त्या मापाची. कल्चर ०.४ च्या आसपास असताना काढायचं, तेव्हा पेशी जोमाने वाढत असतात. पण त्या वेळी सेंट्रिफ्यूजवर टीवायच्या मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. माझा नंबर लागेपर्यंत फ्लास्क शेकरवरच राहिला आणि काढताना कलरीमीटरवर ०.७८ आलं. तेव्हाच तो फ्लास्क बर्फात ठेवायला हवा होता.

दुसरी थंडीची. मे महिना, बाहेर ३९ अंश, लॅबमध्ये ३४. आमच्याकडे बर्फाचं मशीन नाही. लॅबचे मामा गाडीवरून गोणपाटात गुंडाळून लादी आणतात आणि मागच्या पायरीवर हातोडीने फोडून देतात. त्या दिवशी थर्मोकोलच्या पेटीत खडे मोठे पडले होते. ट्यूब दोन खड्यांच्या मध्ये अडकून उभी होती, बाजूला नुसती हवा. आणि आमचं सेंट्रिफ्यूज थंड होणारं नाही.

कॅल्शियम क्लोराइडमधून काढलेल्या पेशी नाजूक होतात. बर्फाच्या थंडीत कॅल्शियम डीएनएला पेशीच्या पृष्ठभागाशी टिकवून धरतं आणि ४२ अंशांच्या अचानक धक्क्याने तो आत शिरायला मदत होते, असं साधारणपणे मानतात. धक्का बसायचा तर पेशी आधी शून्याजवळ असायला हव्यात. त्या मधेच कोमट झाल्या असतील तर काही मरतात आणि उरलेल्यांना धक्का असा बसतच नाही.

अंदाजावर थांबायचं नव्हतं. दुपारी पेशी न घेता नुसतं पाणी घेतलं. खड्यांमध्ये ट्यूब उभी करून पंधरा मिनिटांनी आत थर्मामीटर बुडवला: ७ अंश. त्याच पेटीतला बर्फ बारीक कुटला, त्यात गार पाणी ओतून रबडीसारखा केला आणि ट्यूब त्यात रुतवली: १ अंश. मग २ अंशांचं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये घालून नेहमीसारखं १० मिनिटं फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा १८ अंश. हा आकडा वाचून मी थर्मामीटर पुसून परत लावला. १८ च होतं. असं फिरवणं मी दोनदा केलं होतं, आणि त्यातलं दुसरं कॅल्शियम क्लोराइडनंतरचं.

मामा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "ताई, त्याच्या वाट्या निघत्यात की. रात्रभर फ्रीजमध्ये टाकून ठेवूया." वाट्या म्हणजे रोटरला लटकणाऱ्या बकेट. त्या काढल्या, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या, सकाळी साडेसहाला लॅब गार असताना बसवल्या आणि वेळ १० वरून ५ मिनिटांवर आणली. २ अंशांचं पाणी ६ अंशांवर आलं. पाच मिनिटांत पेशी नीट बसतात का हेही पाहावं लागलं. बसतात, गोळा जरा सैल राहतो, वरचं द्रावण ओतताना ट्यूब हळू कलवावी लागते.

आता पुढचा प्रयोग. थंडी आणि ओडी एकदमच सुधारल्या आणि कॉलन्या आल्या, तर दोषी कोण ते कळणार नाही. म्हणून एकाच रात्रीच्या कल्चरमधून दोन फ्लास्क लावायचे. एक ०.४ ला काढायचा, दुसरा मुद्दाम ०.८ पर्यंत जाऊ द्यायचा. दोन्ही काढल्याबरोबर रबडीबर्फात, दोन्हींना फ्रीजमधल्या बकेट, आणि शेवटच्या द्रावणात घेताना दोन्हींची ओडी सारखी करून घ्यायची, नाहीतर पेशींची संख्याच वेगळी पडेल. दोन्हींत भरपूर कॉलन्या आल्या तर दोष थंडीचा होता. फक्त ०.४ वाल्यात आल्या तर उशिरा काढणंच नडलं. दोन्हीही कोरे राहिले तर ४२ अंशांच्या वॉटरबाथकडे वळायचं: त्याच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि ट्यूबच्या बुडाशी असलेलं तापमान मी अजून ताडून पाहिलेलं नाही. यावेळी प्रत्येक फ्लास्कच्या पेशी धक्क्याआधी आणि धक्क्यानंतर पातळ करून मोजायच्या आहेत. त्यासाठी चार जादा प्लेटा काल ओतून ठेवल्या.

दोन्ही फ्लास्क सकाळी सव्वासातला शेकरवर चढवले. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिलं रीडिंग घेतलं: ०.११ आणि ०.१२. मामा बर्फ कुटताहेत.