केळीच्या घडाचं वजन आणि रेसिड्युअलचे तीन आलेख

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा सौदा वजनावर होतो, आणि घड अजून झाडावर असतानाच माल किती निघेल याचा अंदाज लागतो. मामांना तो नजरेनं जमतो. मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तोच अंदाज रिग्रेशननं काढायचं ठरवलं. झाड निसवलं, म्हणजे घड बाहेर पडला, की जमिनीपासून फूटभर उंचीवर टेपनं बुंध्याचा घेर घ्यायचा, झाडाला नंबराची पट्टी बांधायची, आणि कापणीच्या दिवशी त्याच नंबराचा घड काट्यावर चढवायचा. अशी दीडएकशे झाडांची वही तयार झाली. मग आर या संगणकभाषेत घेरावरून वजन सांगणारी सरळ रेषा बसवली आणि तिचे आलेख काढले:

```r
m1 <- lm(vajan ~ gher, data = kel)
plot(m1, which = 1:3)
```

आर-स्क्वेअर चांगला आला. पण तो आकडा रेषा बरोबर बसली की नाही हे सांगत नाही. वजनातला फरक घेरानं किती उलगडला एवढंच सांगतो. रेषा कुठे चुकते ते बघायला रेसिड्युअल लागतं, म्हणजे घडाचं खरं वजन वजा मॉडेलनं सांगितलेलं वजन. २४ किलो भरलेल्या घडाला मॉडेल २१ म्हणालं असेल तर रेसिड्युअल अधिक ३.

पहिल्या आलेखात आडव्या अक्षावर मॉडेलचा अंदाज आणि उभ्यावर रेसिड्युअल असतं. मॉडेल ठीक असेल तर शून्याच्या रेषेच्या वर-खाली ठिपके नुसते विखुरलेले दिसतात. माझ्याकडे बारीक झाडांचे ठिपके बहुतेक वर, मधल्या झाडांचे खाली आणि जाडजूड झाडांचे पुन्हा वर होते. म्हणजे दोन्ही टोकांना मॉडेल वजन कमी सांगत होतं आणि मध्ये जास्त. असं वळण दिसलं की खरं नातं सरळ रेषेचं नाही, ते वर वाकतंय, असं समजावं. वळण उलटं, मध्य वर आणि टोकं खाली असतं, तर वाढ पुढे मंदावतेय असा अर्थ झाला असता. विचार केला तर इथं वाकणं साहजिकच आहे: घेर दुप्पट झाला की बुंध्याच्या कापाचं क्षेत्रफळ चौपट होतं, मग वजन घेराच्या सरळ प्रमाणात का वाढावं?

त्याच आलेखात दुसरंही काही दिसत होतं. डावीकडे ठिपक्यांचा पट्टा अरुंद होता आणि उजवीकडे तो सुपासारखा पसरत गेला होता. हलक्या घडांत चूक किलो-दीड किलोची, वजनदार घडांत चार-पाच किलोची. तिसऱ्या आलेखात, ज्याला आर 'Scale-Location' म्हणतं, हे जास्त स्पष्ट होतं. तिथं उभ्या अक्षावर प्रमाणित रेसिड्युअलच्या निव्वळ मापाचं वर्गमूळ असतं, चिन्ह गळून पडलेलं. आर ठिपक्यांतून जी लाल रेषा काढतं ती उजवीकडे चढत गेली की विचरण, म्हणजे चुकांचा पसारा, सगळीकडे सारखं नाही. अशा वेळी रेषा फारशी बिघडत नाही, पण गुणांकांच्या प्रमाण त्रुटी खोट्या ठरतात आणि अंदाजाची पट्टी, म्हणजे वजन ज्या दोन आकड्यांच्या मध्ये पडावं ती, हलक्या घडांना उगाच रुंद, जड घडांना अपुरी पडते. सौद्यात नेमके जड घड महत्त्वाचे. मात्र टोकाला चार-दोनच ठिपके असतील तर लाल रेषा त्यांच्या मागे धावते, तिथल्या हेलकाव्याला फार किंमत देऊ नये.

दुसरा आलेख क्यू-क्यूचा, रेसिड्युअलचं वितरण नॉर्मल आहे का ते बघायचा. रेसिड्युअल नॉर्मल असतील तर ठिपके तिरक्या रेषेवर बसतात. माझे डावीकडे रेषेच्या खाली आणि उजवीकडे वर सुटले होते, म्हणजे दोन्ही शेपट्या जड. दोन्ही टोकं वर गेली असती तर वितरण उजवीकडे ओढलेलं, दोन्ही खाली असती तर डावीकडे. बरोबरचा एक जण म्हणाला, "नॉर्मॅलिटी गेली तुझी, आता नॉन-पॅरामेट्रिक कर काहीतरी." मला ते पटलं नाही. कमी पसरलेले आणि जास्त पसरलेले ठिपके एकाच ढिगात घातले की प्रत्येक गट नॉर्मल असला तरी ढिगाच्या शेपट्या जडच दिसणार. म्हणून आर तो आलेख दुसरा देत असलं तरी मी तो शेवटीच वाचते: आधी वळण, मग पसारा, मग नॉर्मॅलिटी. वरचा दोष निघाला की खालचा बऱ्याचदा आपोआप जातो.

वळण वर आणि पसारा अंदाजाबरोबर वाढणारा, ही जोडी दिसली की लॉग करून बघावं. वजन आणि घेर दोन्हींचा लॉग घेतला. वळण गेलं, सूप मिटलं, क्यू-क्यूची टोकं रेषेजवळ आली. पण आता पहिल्या आलेखात ठिपक्यांचे दोन पट्टे दिसायला लागले, एक शून्याच्या जरा वर, एक खाली, मध्ये विरळ जागा. एवढा वेळ ते वळणाखाली झाकलेले होते. पट्टे म्हणजे मॉडेलमधून एखादा गट सुटलाय. प्रिंट मामांना दाखवली आणि वरच्या पट्ट्यातल्या झाडांचे नंबर वाचले.

"अगं, ही सगळी मृगबागेतली," मामा म्हणाले. "खालची कांदेबागेची असतील."

तसंच निघालं. जून-जुलैची लागवड आणि ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड यांना थंडी आणि ऊन वेगवेगळ्या वयात लागतं. सारख्या घेराला सारखा घड येईलच असं नाही.

```r
m2 <- lm(log(vajan) ~ log(gher) + bag, data = kel)
```

आता तिन्ही आलेख जवळजवळ शांत होते. ठिपक्यांत बारीक तिरप्या, एकमेकींना समांतर ओळी तेवढ्या होत्या. काटा अर्ध्या किलोत वाचला की एकाच वजनाचे ठिपके अशा ओळीत बसतात, मॉडेलचा त्यात काही दोष नाही. शंका राहिली म्हणून `simulate(m2)` नं मॉडेलमधूनच खोट्या वजनांचे लॉग काढले, त्यांवर तेच मॉडेल पुन्हा बसवलं आणि त्यांचे आलेख खऱ्याशेजारी ठेवले. त्या बारीक ओळी सोडल्या तर खरा आलेख त्यांत ओळखू येत नव्हता.

नॉर्मॅलिटीचं महत्त्व इथं, एका घडाच्या अंदाजाची पट्टी काढताना आलं. लॉगवर रेसिड्युअलचं प्रमाण विचलन ०.१२ होतं, म्हणजे २० किलोच्या अंदाजाला साधारण १६ ते २५ किलोची पट्टी. हे आकडे नॉर्मल वितरण धरूनच निघतात. गुणांकांच्या बाबतीत दीडशे झाडं असताना थोडी वाकडी क्यू-क्यूसुद्धा चालून गेली असती. शिवाय लॉगवरून परत किलोत आलं की मिळतो तो मध्यक. सरासरी हवी तर त्याला `exp(0.12^2/2)` नं गुणायचं. इथं ते जेमतेम पाऊण टक्का आहे, पण विचलन ०.५ असतं तर १३ टक्के झालं असतं.

क्यू-क्यूच्या डाव्या टोकाला तीन ठिपके तरीही खाली लोंबत होते. वहीत त्या तिन्ही नंबरांपुढे 'खालच्या फण्या काढल्या' असं होतं. वाकडे दिसतात म्हणून मी ते काढले नाहीत; फण्या काढलेल्या घडाचं वजन हा वेगळा प्रश्न, म्हणून काढले आणि अहवालात तसं लिहिलं.

एक गोष्ट या तीन आलेखांत दिसतच नाही: शेजारची झाडं एकमेकांसारखी असणं. त्यासाठी रेसिड्युअल ओळीतल्या झाडाच्या क्रमांकापुढे मांडावं लागतं. तसं मांडल्यावर ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाकडची झाडं ओळीनं शून्याखाली होती. मामा लगेच नळी झटकायला गेले. मला मात्र मॉडेलमध्ये अजून एक चल घालावा लागला.