कबुली घटनेची, विशेषणाची नाही

"मॅडम, नोटिशीच्या उत्तरात चूक कबूल केली म्हणजे आपणच कंपनीच्या हातात कागद दिला. त्यापेक्षा सगळं नाकारलेलं बरं ना?"

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात मी २२ वर्षं आस्थापना विभागात होते. कारणे दाखवा नोटिशी मीच काढायचे आणि त्यांची उत्तरंही मीच वाचायचे. आता ऐरोलीच्या घरी लोक नोटीस घेऊन येतात आणि हाच प्रश्न विचारतात.

तुमची भीती खोटी नाही. सरसकट कबुली लिहून दिली तर चौकशीत तीच पुढे येते, कधी कधी वेगळा पुरावाही लागत नाही. पण नोटीस नीट वाचा. तिच्यात घडलेली गोष्ट असते आणि त्या गोष्टीला दिलेलं नाव असतं. 'नोंद घेतली नाही' ही घटना. 'हेतुपुरस्सर', 'सततचा हलगर्जीपणा', 'गैरवर्तन' ही नावं. घटना खरी असेल तर ती मान्य करावी. नाव खरं नसेल तर तेवढंच, एका वाक्यात, नाकारावं. आदर्श स्थायी आदेश म्हणजे कामगारांच्या नोकरीचे सरकारी नमुना नियम. त्यांच्या गैरवर्तनाच्या यादीत हलगर्जीपणा आहे, पण सवयीचा किंवा गंभीर. एका रात्रीची चूक ही सवय नव्हे, म्हणून 'सततचा' हा शब्द मुकाट्यानं मान्य करू नये.

गेल्या वर्षी तुर्भ्याच्या एका शीतगृहातला सुपरवायझर आला होता. रात्रपाळीत दर दोन तासांनी औषधांच्या खोलीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं, ते २ ते ८ अंशांत हवं. त्यानं २ आणि ४ वाजताच्या नोंदी घेतल्या नाहीत. ६ वाजता पाहिलं तर ११ अंश. कॉम्प्रेसर ३ च्या सुमारास बंद पडला होता. नोटिशीत लिहिलं होतं, 'हेतुपुरस्सर नोंदी टाळल्या'. उत्तराला तीन दिवस.

त्याचा पहिला मसुदा दोन पानी होता आणि सुरुवातच अशी: 'सोबतचा कामगार न सांगता गैरहजर होता, गाडी उशिरा आली, तरीही मी एकट्यानं माल उतरवला, पण नोंद राहून गेली.' सगळं खरंच होतं. तरी वाचणाऱ्याला त्यात बोट दाखवणारा माणूस दिसतो. 'राहून गेली' म्हटलं की नोंद आपोआप राहिली, असं होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, "दादा, 'मी' कुठे आहे यात?"

मग उत्तराची पहिली ओळ अशी झाली: 'त्या रात्री २ आणि ४ वाजताच्या तापमानाच्या नोंदी मी घेतल्या नाहीत. ४ ची नोंद घेतली असती तर बिघाड दोन तास आधी कळला असता, हे मला मान्य आहे.' दुसरं वाक्य लिहिताना तो बराच वेळ थांबला. तेच वाक्य सगळ्यांत जड असतं, कारण आपल्या चुकीनं काय झालं ते त्यात आपणच सांगतो. पण ते नसलं तर माझ्यासारखी उत्तर वाचणारी बाई पहिला प्रश्न तोच विचारते.

परिस्थिती त्यानंतर आली, तीही ताडून बघता येईल एवढीच. १:४० ला गाडी आत आली, याची गेट रजिस्टरमध्ये नोंद होती. पाळीच्या तक्त्यात दोघांची नावं होती, हजेरी एकाचीच. सकाळी ५:३० पर्यंत तो धक्क्यावर एकटा माल उतरवत होता. गैरहजर माणसाला नावं ठेवणारे सगळे शब्द मी काढायला लावले. त्याच्या जागी आलं, 'एकट्याला दोन्ही कामं जमणार नाहीत हे कळताच मी इन्चार्जना फोन करायला हवा होता. तो मी केला नाही.' नोटिशीत हे विचारलंही नव्हतं. पण कारण एवढं सबळ असताना मदत का मागितली नाही, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात राहतेच. ती आपणच मिटवली की उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो.

मग ते नाकारायचं वाक्य: 'मात्र नोंदी हेतुपुरस्सर टाळल्या, हे मला मान्य नाही. मी दोन्ही रकाने रिकामेच ठेवले, नंतर आकडे भरले नाहीत.' शेवटी सहा वर्षांत एकही ताकीद नसल्याचा उल्लेख, कारण शिक्षा ठरवताना पूर्वीची नोंद बघायची असते. 'पुन्हा असं होणार नाही' ऐवजी मी लिहायला सांगितलं, की आता एकटा असलो तर गाडी लावण्याआधी इन्चार्जना कळवतो.

चोरी, अफरातफर, मारहाण असा आरोप असेल तर मात्र एक ओळही स्वतः लिहू नका. आधी युनियन किंवा वकील गाठा, मुदत कमी पडत असेल तर ती संपायच्या आत लेखी वाढवून मागा. तिथली कबुली पोलिसांपर्यंत जाऊ शकते.

त्याचं उत्तर पाऊण पानाचं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. महिन्याभरानं लेखी ताकीद आली. तो ते पत्र दाखवायला आला, तेव्हा आम्ही दोघांनी आधी एकच शब्द शोधला. 'हेतुपुरस्सर' त्यात नव्हता.